क्रिकेट शिबिराचा इंग्रजी कागद पालकांसाठी मराठीत केला, त्याची हकिगत

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, २९ मार्च २०२५ ला, आमच्या रत्नागिरीतल्या उन्हाळी क्रिकेट शिबिराचा कागद पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला. दोन पानं, दोन्ही इंग्रजी. एकावर वेळापत्रक, दुसऱ्यावर किटची यादी. शिबिर २८ एप्रिल ते २४ मे, सोमवार ते शनिवार, सकाळचं. अर्ध्या तासात खाली प्रश्नांची रांग लागली. हे सगळं घ्यायचं का, किती वाजता सोडायचं, स्पाइक्स कुठे मिळतात, हे आरएच म्हणजे काय. कोच सर एकट्याने उत्तरं देत होते, आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येत होते कारण वर जाऊन कोण वाचतंय.

मी पतपेढीत क्लार्क आहे. कर्जाचे इंग्रजी अर्ज सभासदांना मराठीत समजावून सांगणं हे रोजचंच, आणि मुलगा शिबिरात जाणार होता, म्हणून म्हटलं मी करून देते. दोन पानं म्हणजे एका संध्याकाळचं काम वाटलं होतं. प्रत्यक्षात कागद पालकांच्या हातात पडला १६ एप्रिलला. तुमच्याकडे असं काही करायची वेळ आली तर कुठे अडतं ते आधी माहीत असावं, म्हणून हे लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते. आदल्या वर्षीही कागद इंग्रजीच होता आणि त्यातून बरेच घोटाळे झाले होते. तीन-चार जणांनी पोरांना स्पाइक्सचे, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट घेतले आणि आमच्या मैदानावर सिमेंटवर काथ्याची मॅट टाकलेली, तिथे स्पाइक्स चालतच नाहीत, मॅट फाटते आणि सिमेंटवर पाय सरकतो. पाली-हातखंब्याच्या बाजूच्या एका वडिलांनी तर यादीतलं सगळंच्या सगळं घेतलं, विकेटकीपिंग ग्लोव्हज्‌सकट, पोरगा ऑफस्पिन टाकणारा. पैसे गेले ते गेले, वर पोराला घरी रोज ऐकावं लागलं.

म्हणून सुरुवात यादीपासून केली. इंग्रजी यादी नीट वाचली तर त्यात तीन प्रकारच्या वस्तू होत्या. काही सक्तीच्या, काही असल्या तर बऱ्या, काही उपलब्ध असतील तर. पण तिन्ही एकाच खाली एक अशा लिहिलेल्या, फरक फक्त बाजूच्या एका शब्दाचा. आणि मराठीत आणताना हा फरक पटकन पुसला जातो, कारण आपली सवय "आणावे" लिहायची. बॅट आणावी, हेल्मेट आणावे, टोपी आणावी. वाचणाऱ्याला सगळं सारख्याच हुकमाचं वाटतं. तेव्हा मी ओळ न ओळ भाषांतर करणं सोडलं आणि कोच सरांना फोन करून एकेका वस्तूला विचारलं, की सर, हे नसेल तर पोराला मैदानात घेणार की परत पाठवणार?

या एका प्रश्नाने यादी आपोआप वेगळी झाली. पहिला भाग, ज्याच्याशिवाय सरावाच्या नेटमध्ये सोडणार नाही: जांघ वाचवणारा एल गार्ड, रबरी स्टडचे किंवा साध्या रबरी तळाचे बूट, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पँट, गोल काठाची टोपी, पाण्याची मोठी बाटली. दुसरा भाग, असेल तर आणा, नसेल तर शिबिराचं मिळेल: बॅट, पॅड, बॅटिंग ग्लोव्हज्, थाय पॅड, हेल्मेट. इथे सरांनी स्पष्ट सांगितलं की लेदर बॉलसमोर हेल्मेटशिवाय कोणी उभं राहणार नाही, पण ते स्वतःचंच असलं पाहिजे असं नाही. म्हणजे हेल्मेट घालणं सक्तीचं, विकत घेणं नाही. मूळ कागदात हे दोन्ही एकाच शब्दात होतं. आणि तिसरा भाग इंग्रजीत नव्हताच, तो सरांनी फोनवर बोलता बोलता दिला: या वर्षी घेऊच नका. स्पाइक्स, कीपिंग ग्लोव्हज्, इंग्लिश विलो लाकडाची महागडी बॅट, चाकाची किट बॅग. हा तिसरा भाग पालकांनी सगळ्यात जास्त वाचला असं नंतर कळलं.

पाडवा झाल्यावरच्या आठवड्यात यादी घेऊन मी राम आळीच्या बाजूच्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात गेले. दुकानदार ज्या नावाने वस्तू काढून देतो तेच नाव कागदावर पाहिजे, नाहीतर आईबाप काउंटरवर जाऊन काय मागणार? पायाच्या संरक्षकाला यादीत इंग्रजीत लेग गार्ड लिहिलेलं, दुकानात सगळे नुसतं "पॅड" म्हणतात. कोपराच्याला एल्बो गार्ड. दुकानदार मोकळा होता म्हणून त्याने एकेक वस्तू काढून दाखवली आणि दोन गोष्टी अशा सांगितल्या ज्या मला घरी बसून कधीच कळल्या नसत्या.

पहिली, उजव्या-डाव्याची. यादीत ग्लोव्हज् आणि थाय पॅडसमोर आरएच किंवा एलएच असं होतं, म्हणजे उजव्या हाताचा आणि डाव्या हाताचा. आता साधा माणूस काय समजणार? पोरगं ज्या हाताने लिहितं तो हात. पण तसं नाही. उजव्या हाताने लिहिणारी कितीतरी मुलं बॅटिंग डावखुरी करतात. बॅटिंग ग्लोव्हजमध्ये दांड्यावर खाली असलेल्या हाताच्या अंगठ्याला जाड संरक्षण असतं, कारण बॉल येऊन तिथेच लागतो. उजव्या फलंदाजाचा खालचा हात उजवा, डावखुऱ्याचा डावा. थाय पॅड तर त्याहून उलटा वाटतो, तो पुढच्या पायाला बांधायचा, म्हणजे उजव्या फलंदाजाच्या डाव्या मांडीला. मी कागदावर असं लिहिलं: "घेण्याआधी मुलाच्या हातात बॅट किंवा झाडूचा दांडा द्या आणि बॉलरसमोर उभं राहतो तसं उभं राहायला सांगा. खाली उजवा हात असेल तर दुकानात उजव्याचं मागा, डावा असेल तर डाव्याचं. लिहिण्याच्या हातावर जाऊ नका." चार ओळी झाल्या, मूळ कागदात दोन अक्षरं होती. होऊ देत.

दुसरी गोष्ट बॅटची. यादीत साइझ ५, साइझ ६ किंवा त्याहून मोठी हॅरो, उंचीप्रमाणे, एवढंच. आपल्याकडे काय करतात, पुढच्या वर्षीही चालेल म्हणून एक साइझ मोठी घेतात, जशी शाळेची पँट घेतो. बॅटचं तसं चालत नाही. जड आणि लांब बॅट पोराला उचलत नाही, मग तो सरळ खेळायच्या ऐवजी आडवी फिरवायला लागतो आणि ती सवय मोडायला सरांना पूर्ण शिबिर जातं. उंचीच्या इंचाचा तक्ता देण्याऐवजी मी दुकानदाराची रीत लिहिली: मूल बूट घालून ताठ उभं करायचं, बॅट पायाला लावून जमिनीवर उभी टेकवायची, दांड्याचं वरचं टोक साधारण कमरेच्या सांध्यापाशी, जिथून मांडी सुरू होते तिथे आलं पाहिजे. त्याच्या वर गेलं तर बॅट मोठी.

आणि टेनिस बॉलची बॅट. हे मूळ यादीत असायचं कारणच नव्हतं, कारण ती यादी शहरातल्या एका अकादमीच्या कागदावरून घेतलेली. पण आमच्याकडे घराघरात टेनिसची बॅट असते, उन्हाळ्यात वाडीवाडीत रात्रीच्या टुर्नामेंटा चालतात, तेव्हा "बॅट आहे ना घरात" असं प्रत्येकजण म्हणणार. टेनिसची बॅट हलकी, मागून कोरलेली, लेदरचा बॉल बसला की तडकते. म्हणून "लेदर बॉलची बॅट, टेनिसची नको" असं ठळक केलं.

त्यातच "नॉक्ड इन" असा एक शब्द होता. याचा अर्थ नवी बॅट थेट खेळायला घ्यायची नसते, आधी लाकडी हातोडीने किंवा मोज्यात घातलेल्या जुन्या बॉलने तिची तोंडाकडची बाजू आणि कडा हळूहळू ठोकून ठोकून घट्ट करायच्या, आणि त्याआधी कच्चं जवसाचं तेल हलकं लावायचं. कश्मीर विलोलाही हे लागतं. प्लॅस्टिकची पातळ पट्टी चिकटवलेली असेल तर पट्टीवर तेल लावायचं नाही. याला काही तास लागतात, तेही रोज थोडं थोडं करून. मी हे समजावून लिहिलं तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "तेल म्हटलंस तर सगळे खोबरेल चोपडतील गो." बरोबर होतं, कोकणात तेल म्हणजे आधी खोबरेल. म्हणून वाक्य झालं: "जवसाचं (अळशीचं) कच्चं तेल, खोबरेल नाही." आणि त्यापुढे तारीख घातली, की नवी बॅट घ्यायची असेल तर १८ एप्रिलपर्यंत घ्या म्हणजे शिबिराआधी ठोकायला दहा दिवस मिळतील. मूळ कागदात अशी तारीखच नव्हती आणि मला वाटतं अशा याद्यांमध्ये सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच असते, कधीपर्यंत घ्यायचं.

हेल्मेटला जास्त वेळ लागला. कागदात ब्रिटिश सुरक्षा मानकाचा क्रमांक होता, बीएस ७९२८ : २०१३. हा मराठीत करायचा प्रश्न नव्हता, स्टिकरवर तो इंग्रजीत असतो आणि जुळवून बघायचा असतो, म्हणून कागदावर तसाच इंग्रजी अक्षरांत ठेवला. पण नुसता क्रमांक देऊन भागत नव्हतं. मोठ्या भावाचं हेल्मेट धाकट्याला देणारी घरं खूप आहेत. अडचण अशी की लहान मुलांचा लेदर बॉल मोठ्यांच्या बॉलपेक्षा आकाराने आणि वजनाने कमी असतो, मोठ्यांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅम, मुलांचा १३३ ते १४४. मोठ्यांच्या बॉलवर तपासलेल्या हेल्मेटची जाळी आणि वरचा छज्जा यांच्यामधल्या फटीतून लहान बॉल आत घुसू शकतो. या मानकात मोठ्यांच्या आणि मुलांच्या बॉलची चाचणी वेगवेगळी असते आणि कुठली पास झाली ते स्टिकरवर लिहिलेलं असतं. म्हणून सूचना अशी झाली: घरचं हेल्मेट आणणार असाल तर पहिल्या दिवशी सरांना स्टिकर दाखवा, स्टिकर निघालेलं असेल किंवा कधी जोरात बॉल बसलेला असेल तर शिबिराचं वापरा.

आता एल गार्ड. यावर शिबिर समितीच्या सेक्रेटरींबरोबर खरी चर्चा झाली. ते म्हणाले, ही ओळ मराठीत नको, कागद शाळेच्या बोर्डावर लागणार, बायका वाचणार, इंग्रजीत आहे तशीच राहू द्या. मी म्हटलं काका, बायकाच दुकानात जाणार आहेत, पोरांचे बाबा एक तर मुंबईला नाहीतर बागेत आंबा काढायला. आणि ही सक्तीच्या भागातली वस्तू, तिच्याशिवाय मूल परत पाठवणार, मग तीच समजली नाही तर कागद कशाला? शेवटी असं लिहिलं: "एल गार्ड (मुलांसाठी): जांघेतला नाजूक भाग वाचवण्यासाठी. आतल्या चड्डीवर सपोर्टर, त्याच्या खिशात बसवायचा. स्वतःचाच हवा, दुसऱ्याचा घ्यायचा-द्यायचा नाही." मुलींसाठी वेगळा पेल्विक गार्ड आणि चेस्ट गार्ड, तो त्या वेळी दुकानात नव्हता, मागवायला आठवडा लागणार होता, म्हणून मुलींच्या पालकांना आधी नावं द्यायला सांगितलं. दुकानदाराने एकत्र मागवले.

सेक्रेटरींचा दुसरा आग्रह शुद्ध मराठीचा होता. यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण, पादत्राणे. त्यांचं लहानपण रेडिओवरची मराठी कॉमेंट्री ऐकण्यात गेलेलं, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आम्ही अशी वाटणी केली की वेळापत्रकात फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण, कारण हे शब्द पेपरात रोज वाचून सगळ्यांना माहीत आहेत, आणि यादीत दुकानातली नावं. शीर्षक त्यांच्या पसंतीचं, "उन्हाळी क्रिकेट प्रशिक्षण शिबिर". सगळे खूश.

यादी झाली तेव्हा मला वाटलं वेळापत्रक सोपं, आकडेच तर आहेत. तिथेच जास्त प्रश्न निघाले.

पहिली ओळ वयाची. अंडर फोर्टीन, १ सप्टेंबर २०११ किंवा नंतर जन्मलेले. १ सप्टेंबर ही तारीख क्रिकेट असोसिएशनच्या वयोगटांची, आणि आपला जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये येतो म्हणून सरांनी तीच धरलेली, पुढे निवड चाचणीला सोपं पडावं. पण "१४ वर्षांखालील" असं लिहिलं की भांडणच. एका पालकांचा मुलगा २० ऑगस्ट २०११ चा. शिबिराच्या दिवशी तो तेरा वर्षं आठ महिन्यांचा, मग चौदाखाली नाही कसा? कारण येत्या १ सप्टेंबरला तो चौदा पूर्ण करून पुढे गेलेला असेल. त्याच्या वर्गातला १० ऑक्टोबरचा मित्र मात्र बसतो. हे समजावत बसण्यापेक्षा मी वय काढूनच टाकलं, फक्त "जन्मतारीख १ सप्टेंबर २०११ किंवा त्यानंतरची, जन्मदाखल्याची झेरॉक्स आणा" एवढं ठेवलं आणि आधी जन्मलेल्यांसाठी मोठ्या बॅचची वेळ खाली दिली.

दुसरं रिपोर्टिंग टाइम. कागदात ६.१५ रिपोर्टिंग, ६.३० स्टार्ट, ८.५५ डिस्पर्सल. मी "सकाळी सव्वासहाला मैदानावर हजर (बूट घालून तयार), साडेसहाला सुरुवात, नऊला पाच कमी असताना सुट्टी, घ्यायला येणाऱ्यांनी तेव्हा गेटवर यावं" असं केलं. पण जयगडकडून पहिल्या एसटीने येणारी दोन मुलं सव्वासहाला पोचूच शकत नव्हती. सरांना विचारलं तर ते म्हणाले त्यांनी आल्यावर वेगळा वॉर्मअप करावा, पण वॉर्मअप न करता नेटमध्ये जायचं नाही. मग तशी ओळ वाढवली.

तिसरं, आणि मला स्वतःला सगळ्यात शिकवणारं, ते रोटेशनचं कोष्टक. इंग्रजीत ए, बी, सी गट आणि तीन स्टेशनं, म्हणजे सरावाच्या तीन जागा, बाणांनी फिरवलेली. माझ्यासारख्या बाईला ते बघून रेल्वेचं टाइमटेबल आठवलं. मी ते उलटं केलं, स्टेशनऐवजी गटाप्रमाणे लिहिलं: "गट अ: ७.३० ते ७.५५ फलंदाजी, ७.५५ ते ८.२० गोलंदाजी, ८.२० ते ८.४५ क्षेत्ररक्षण." तसंच ब आणि क. आता आईला फक्त आपल्या पोराचा गट माहीत असला की झालं.

पण हे लिहिताना मी सहज हिशोब केला. बॅचमध्ये २४ मुलं, गटात ८, नेट दोन. म्हणजे एका नेटला चार मुलं आणि वेळ २५ मिनिटं. प्रत्येकाला सहा मिनिटं फलंदाजी. आणि पॅड बांधायला-सोडायला दोन-दोन मिनिटं धरली तर चौघांची आठ मिनिटं त्यातच गेली, उरली सतरा, म्हणजे डोक्यावर चारच मिनिटं. मी सरांना म्हटलं, सर, पालक विचारणार की एवढे पैसे भरून चार मिनिटं? ते हसले नाहीत. म्हणाले, बरोबर आहे, म्हणूनच स्वतःचे पॅड असले तर बरं, पुढचा पोरगा आधीच बांधून तयार बसतो. मग त्यांनीच ठरवलं की शिबिराचे दोन सेट असतात त्याऐवजी चार काढायचे, दोन खेळणाऱ्यांना आणि दोन पुढच्यांना. कागदावर लिहिलं: "प्रत्येकाला रोज साधारण सहा मिनिटं फलंदाजी, वीस-पंचवीस चेंडू. आपला नंबर यायच्या आधी पॅड बांधून तयार राहणं." सेक्रेटरींना हा आकडा छापणं पटत नव्हतं. सर म्हणाले छापा, नाहीतर हेच उन्हात मैदानाच्या कडेला उभं राहून मला रोज ऐकावं लागेल.

चौथं पावसाचं. मूळ वाक्य असं की खराब हवामान असल्यास सत्र रद्द, सूचना सकाळी ५.३० पर्यंत ग्रुपवर. साडेपाचला जयगडवाल्यांची आई डबा भरून पोराला घेऊन स्टँडवर उभी असते, आणि वाटेत रेंज नाही. सरांशी बोलून ते बदललं: निर्णय आदल्या रात्री नऊला, आणि ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही त्यांना फोन. सुट्टीच्या दिवशी बंद अशी नुसती ओळ होती तिथे तारखा टाकल्या, १ मे आणि १२ मे.

मसुदा तयार झाल्यावर मी तो ग्रुपवर टाकला नाही. दोघा-तिघांना आधी वाचायला दिला आणि "समजलं का" असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. विचारलं की आता उद्या दुकानात जाऊन काय काय आणाल ते सांगा. मिरकरवाड्यातल्या एका भाभींनी वाचून बरोबर पाच वस्तू सांगितल्या आणि वर विचारलं, "ताई, पांढरे कपडे म्हणजे शाळेचा पीटीचा ड्रेस चालेल ना?" चालतो, फक्त बाह्या पूर्ण हव्यात. आमच्या तांबड्या मातीत पांढरं तसंही चार दिवसांत विटकरी होतं. ती ओळ वाढवली. शेजारच्या काकांनी, नातवाला तेच सोडणार होते, सांगितलं की अक्षर बारीक आहे. तेही केलं.

छपाईत एक आठवडा गेला. फाइल युनिकोडमध्ये होती आणि डीटीपीवाल्याचं सगळं काम जुन्या फॉन्टवर, त्याने मजकूर कॉपी करून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की सगळे चौकोन आणि चिन्हं. तो म्हणाला पुन्हा टाइप करतो, दोनशे रुपये. पण पुन्हा टाइप करणं म्हणजे पुन्हा तपासणं, आणि १८ चं ८१ झालं तर कोण बघणार. मी घरी पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर नेली आणि नुसती झेरॉक्स काढून घेतली, मागून-पुढून एक कागद, पन्नास प्रतींचे दीडशे रुपये. फाइल अशी बाहेर न्यायची असेल तर पीडीएफच न्या. फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांतच ठेवा. मग सेक्रेटरींची सही आणि शिक्का, ते दोन दिवस मुंबईला गेलेले, म्हणून १६ तारीख.

ग्रुपवर पीडीएफ तर टाकलीच, शिवाय पहिला भाग, सक्तीच्या पाच वस्तू, साधा मेसेज म्हणून वेगळा टाकला. बऱ्याच जणांनी पीडीएफ उघडलीच नाही, मेसेज मात्र पुढे पाठवला. माझ्या मुलाचा खर्च एल गार्ड, सपोर्टर, बूट आणि टोपी धरून हजाराच्या आसपास झाला, बाकी सगळं शिबिराचं वापरलं.

पहिल्या दिवशी दोन मुलं परत गेली, दोन्हीकडे एल गार्ड नव्हता, एकाने घेतला होता पण घरी विसरला. स्पाइक्स कोणाच्याही पायात नव्हते. एका आजोबांनी घड्याळ लावून नातवाची फलंदाजी मोजली आणि सरांना सांगितलं पाच मिनिटं चाळीस सेकंद झाली. सर म्हणाले उद्या वीस सेकंद जास्त देतो.

शेवटच्या आठवड्यात पावसाची ओळ खरंच लागली. त्या वर्षी मान्सून २४ मेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात आला, पण त्याच्याआधीच इकडे मुसळधार सुरू झालेली. रात्री नऊचा मेसेज सलग आला, जयगडच्या मुलांना फोन गेले, शेवटची सत्रं शाळेच्या हॉलमध्ये झाली. त्या पावसात शिबिराचे पॅड आणि ग्लोव्हज् ओलेच पिशवीत बंद राहिले आणि त्यांना बुरशी धरली, दोन जोड टाकावे लागले. त्यामुळे पुढच्या कागदासाठी सरांनी एक सूचना सांगितलीय: घरी आल्यावर किट पिशवीतून बाहेर काढायचं, बूट आणि ग्लोव्हजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे घालायचे, वाऱ्यावर सावलीत वाळवायचं, हेल्मेट आणि बॅट उन्हात ठेवायची नाही. इंग्रजी कागदात ती अजून नाहीये. या वेळी आधी मराठीत लिहून मग सर इंग्रजी करणार आहेत.